सहा महिने सरासरीचं बिल, मग एकदम भलं मोठं बिल, आणि तक्रारीला उत्तर नाही : नागपूरच्या वीज ग्राहकांसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणत्या तक्रारीसाठी आहे?

बिलाच्या तक्रारी अनेक प्रकारच्या असतात. इथे एकच प्रकार घेतला आहे, कारण नागपुरात तो फार आढळतो आणि मंचासमोर तो कागदावरच सिद्ध करता येतो. मीटर चालू असतं, पण काही महिने बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आर.एन.ए.’, म्हणजे रीडिंग उपलब्ध नाही, असं छापून येतं. त्या महिन्यांत सरासरीचं, म्हणजे अंदाजाचं बिल लावलं जातं. मग एक दिवस खरं रीडिंग घेतलं जातं आणि साठलेली सगळी युनिटं एकाच महिन्यात बिलावर येतात. ग्राहक वीज वितरण कंपनीच्या, म्हणजे महावितरणच्या, उपविभागात अर्ज देतो, पोच घेतो, चारदा चकरा मारतो, आणि दर महिन्याला तीच रक्कम थकबाकी म्हणून पुढे येत राहते.

अर्जाला उत्तर का येत नाही?

बहुतेक वेळा कारण अंतर्गत कामकाजात असतं. आधी लागलेलं बिल खिडकीवरचा कारकून स्वतः बदलू शकत नाही. त्यासाठी बिल दुरुस्तीचा प्रस्ताव करावा लागतो. कार्यालयात त्याला ‘बी-80’ म्हणतात. उपविभागात तो तयार होतो, त्याला स्थळ तपासणी अहवाल जोडतात, लेखा विभाग आकडे पाहतो आणि रकमेनुसार वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. रक्कम जितकी मोठी, तितकी फाइल वर जाते.

म्हणून ‘तुमचा अर्ज पुढे पाठवला आहे’ असं ऐकलं की एकच प्रश्न विचारा : बी-80 झाला का, आणि झाला असेल तर कोणत्या तारखेला कोणाकडे गेला? ‘अजून झाला नाही’ असं उत्तर मिळालं, तर तुमच्या अर्जावर प्रत्यक्षात काहीच काम सुरू झालेलं नाही. हाच प्रश्न लेखी स्मरणपत्रात घाला. पुढे मंचासमोर ते पत्र कामी येतं, कारण तक्रार पोहोचूनही कंपनीने पहिलं पाऊल उचललं नाही हे त्यातून दिसतं.

मंच म्हणजे कोण? ते कंपनीचंच कार्यालय ना?

वीज कायदा 2003 च्या कलम 42(5) नुसार प्रत्येक वितरण कंपनीला असा मंच स्थापन करावाच लागतो. खर्च कंपनी करते, पण तो कसा चालायचा हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे 2020 चे विनियम ठरवतात. मंचात अध्यक्ष, एक तांत्रिक सदस्य आणि ग्राहकांच्या बाजूचा एक सदस्य असतो. लोक त्याला सरसकट ‘फोरम’ म्हणतात.

तांत्रिक सदस्य कंपनीकडचा असतो, म्हणून तिथे जाऊन उपयोग नाही असं अनेकांना वाटतं. पण साठलेल्या युनिटांच्या प्रकरणात वाद मताचा नसून हिशेबाचा असतो. युनिटं किती महिन्यांची आहेत हे कंपनीच्याच नोंदीत लिहिलेलं असतं. ती नोंद समोर ठेवली की तिन्ही सदस्यांना एकच भागाकार करावा लागतो.

मंचाकडे कधी जायचं? किती वाट पाहायची?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असली पाहिजे आणि तिची पोच हाती हवी. 1912 या मदत क्रमांकावर केलेल्या फोनचा नोंद क्रमांक जपून ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. फोनवरच्या नोंदीत ‘बिल जास्त’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं बिल, का जास्त, मागणी काय, यातलं काही नसतं. उपविभागाच्या आवक शिक्क्याची प्रत हवी. ई-मेल केला असेल तर पाठवल्याची तारीख दिसणारी प्रत हवी.

तक्रार दिली, एक स्मरणपत्र दिलं, आणि दोन महिने उलटले, तर आणखी थांबण्याने काही मिळत नाही. उलट धोका वाढतो. गाऱ्हाण्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज आला नाही तर मंच तो दाखल करून घेत नाही. कारण केव्हा घडलं यावर वाद होतात. म्हणून सुरक्षित हिशेब असा : वादग्रस्त बिलाच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा, स्मरणपत्रांनी मुदत वाढते असं धरू नका. ‘साहेब म्हणाले, होऊन जाईल’ या भरवशावर दीड वर्ष काढलेल्या ग्राहकाची बाजू खरी असली, तरी ती मुदतीवरच अडकू शकते.

तोवर बिल भरायचं की नाही?

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे सावकाश वाचा.

काहीच न भरणं चूक आहे. थकबाकी राहिली की कंपनी कलम 56(1) नुसार 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडू शकते. पण याच कलमात ग्राहकाचं संरक्षणही आहे. तुम्ही रक्कम निषेध नोंदवून भरलीत, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. किती भरायचं याचे दोन पर्याय कायद्याने दिले आहेत : मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने प्रत्येक महिन्याची रक्कम. यातली जी कमी असेल ती भरायची.

संगणकावर किंवा ॲपवर पूर्ण रकमेचं बिल दिसतं, त्यामुळे ही सरासरीची रक्कम भरताना लोक अडतात. उपविभागात लेखी अर्ज देऊन तेवढ्या रकमेचं वेगळं बिल मागा. अर्जात स्पष्ट लिहा : ‘बिलाबाबत वाद असल्याने कलम 56(1) च्या परंतुकानुसार ही रक्कम निषेध नोंदवून भरत आहे.’ भरल्याच्या पावतीची प्रत त्या अर्जाला जोडून पुन्हा आवक शिक्का घ्या. पुढच्या प्रत्येक महिन्याला चालू वापराचे पैसे वेळेवर भरत राहा. चालू बिलही थकवलं, तर मंचासमोर तुमची बाजू विनाकारण कमकुवत होते.

केंद्राच्या 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजी बिलं देता येत नाहीत, आणि दोन बिलिंग चक्रांनंतरही अंदाजी बिल चालू राहिलं तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. या नियमाचा उल्लेख अर्जात जरूर करा. पण घरात म्हातारी माणसं असतील, मे महिन्यातलं ऊन असेल, तर नकार देऊन बसण्यापेक्षा निषेध नोंदवून भरण्याचाच मार्ग धरा. तोडलेली वीज परत जोडून घेण्याची धावपळ वेगळीच असते.

अर्जाआधी कोणती कागदपत्रं जमवायची?

एक कागद बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा : ‘सीपीएल’, म्हणजे तुमच्या ग्राहक क्रमांकाचा वैयक्तिक खातेउतारा. उपविभागात अर्ज करून मागता येतो. तोंडी टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागा. वादाच्या आधीच्या किमान बारा महिन्यांपासून आजपर्यंतचा काळ त्यात यायला हवा.

सीपीएलमध्ये प्रत्येक महिन्यापुढे मागचं रीडिंग, चालू रीडिंग, मीटरची स्थिती, लावलेली युनिटं, भरलेली रक्कम आणि समायोजन असतं. तो असा वाचा : प्रथम स्थितीचा रकाना पाहा आणि रीडिंग शेवटचं केव्हा घेतलं तो महिना शोधा. मग रीडिंग पुन्हा केव्हा दिसतं तो महिना शोधा. या दोघांमधलं अंतर म्हणजे तुमची केस. नंतर समायोजनाच्या रकान्यात सरासरी बिलांचे पैसे परत वळते केले आहेत का ते पाहा. याला कार्यालयात ‘लॉक क्रेडिट’ म्हणतात.

याशिवाय त्या काळातली सगळी बिलं, भरल्याच्या पावत्या, तक्रार आणि स्मरणपत्रांच्या पोचा, आणि आजच्या मीटरचा तारीख दिसणारा फोटो. फोटोत मीटर क्रमांक आणि केडब्ल्यूएच, म्हणजे युनिटांचं, रीडिंग दोन्ही वाचता यायला हवीत. डिजिटल मीटरवर आकडे बदलत राहतात, त्यामुळे ‘केडब्ल्यूएच’ दिसेपर्यंत थांबून फोटो घ्या. लोक कित्येकदा व्होल्टेजचा किंवा कमाल मागणीचा आकडा टिपून आणतात.

बिल नेमकं चुकतं कुठे? एक उदाहरण द्या.

समजा जानेवारीत रीडिंग 4,310 होतं. फेब्रुवारी ते जुलै असे सहा महिने ‘लॉक्ड’ दाखवून दर महिन्याला 110 युनिटांचं बिल आलं. ऑगस्टमध्ये रीडिंग घेतलं : 6,270. म्हणजे सात महिन्यांत 1,960 युनिटं वापरली गेली. महिन्याला 280. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो, त्यामुळे 280 ही सरासरी मुळीच अवास्तव नाही. वापर आपण नाकारत नाही, हे लक्षात ठेवा. वाद आकारणीचा आहे.

घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो : पहिली 100 युनिटं, मग 101 ते 300, मग 301 ते 500, आणि 500 च्या वर. सगळ्यांत वरचा दर पहिल्या टप्प्याच्या तिपटीच्या आसपास जातो. हे टप्पे एका महिन्याच्या वापरासाठी आहेत.

आता ऑगस्टच्या एकाच बिलात 1,960 युनिटं धरली, तर पहिल्या टप्प्यात 100, दुसऱ्यात 200, तिसऱ्यात 200 आणि उरलेली 1,460 युनिटं थेट सर्वांत महाग टप्प्यात जातात. तीच युनिटं सात महिन्यांत वाटली, तर दर महिन्याला 100 युनिटं पहिल्या टप्प्यात आणि 180 दुसऱ्यात बसतात. एकूण 700 पहिल्या दराने, 1,260 दुसऱ्या दराने. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात एकही युनिट जात नाही. घरगुती बिलावर 16 टक्के वीज शुल्क लागतं, म्हणून वीज आकारातली ही चूक तिथेही वाढत जाते.

दुसरी चूक वेगळी तपासायची. सहा महिन्यांत 660 युनिटांचे पैसे तुम्ही आधीच दिलेत. ते ‘समायोजित रक्कम’ म्हणून वजा झाले नसतील, तर तीच वीज दोनदा विकली गेली. कधी वजाबाकी होते पण फक्त वीज आकाराची. वहन आकार आणि शुल्क तसंच राहतं. म्हणून वजा झालेली रक्कम सहा बिलांच्या बेरजेशी ओळीने जुळवून पाहा. स्थिर आकार मात्र दर महिन्याला देय असतो, तो परत मागू नका.

तिसरी गोष्ट, तक्रारीच्या काळात न भरलेल्या वादग्रस्त रकमेवर लागलेला विलंब आकार आणि व्याज. मूळ बिल चुकीचं ठरलं तर हेही गेलं पाहिजे, पण ते स्वतंत्रपणे मागितलं नाही तर आदेशात सुटून जातं.

मंचाकडच्या अर्जात मागणी कशी लिहायची?

विनियमांसोबत दिलेला ‘शेड्यूल ए’ हा नमुना वापरा. त्यात नाव, ग्राहक क्रमांक, पुरवठ्याचा पत्ता, गाऱ्हाण्याची हकिगत, मागितलेला दिलासा आणि हाच विषय दुसरीकडे प्रलंबित नसल्याची घोषणा असते. बारा आकडी ग्राहक क्रमांक चुकला तर कागद भलत्याच खात्यावर फिरतो, तो बिलावरून दोनदा तपासा.

हकिगत तारखांनी लिहा, संतापाने नाही. कोणी कसं बोललं हे बाजूला ठेवा. मंच ज्यावर आदेश देऊ शकतो तेवढंच मागा. वरच्या उदाहरणात मागणी अशी होईल :

‘ऑगस्टच्या बिलातली 1,960 युनिटं फेब्रुवारी ते ऑगस्ट या सात महिन्यांत समान वाटून, त्या त्या महिन्याच्या दराने व टप्प्यांचा लाभ देऊन बिल सुधारित करावं. या काळात भरलेली सर्व रक्कम वळती करावी. वादग्रस्त रकमेवरचा विलंब आकार व व्याज रद्द करावं. जास्त वसूल झालेली रक्कम व्याजासह पुढील बिलात जमा करावी. निकाल लागेपर्यंत वीजपुरवठा तोडू नये असा अंतरिम आदेश द्यावा. आदेशाच्या पालनाचा अहवाल ठरावीक मुदतीत मागवावा.’

‘त्या त्या महिन्याच्या दराने’ हे शब्द वगळू नका. मध्येच नवे दर लागू झाले असतील, तर जुन्या महिन्यांची युनिटं नव्या दराने आकारली जाऊ शकतात.

मानसिक त्रासाचे लाखो रुपये मागणारे अर्ज येतात. मंचाला अप्रत्यक्ष नुकसानीची किंवा दंडात्मक भरपाई देता येत नाही. असं कलम घातलं की सुनावणीचा वेळ तिथेच जातो. सेवेच्या ठरवलेल्या मुदती न पाळल्याची भरपाई मात्र मागता येते, ती वेगळी ओळ म्हणून लिहा.

अर्ज कुठे द्यायचा, खर्च किती?

तुमच्या भागाच्या मंचाचा पत्ता व ई-मेल बिलावर किंवा महावितरणच्या संकेतस्थळावर मिळतो. अर्जाला शुल्क लागतं का ते मंचाकडे विचारून घ्या. वकील लावायची गरज नाही. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीला अधिकारपत्र द्या. मीटर वडिलांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असेल, तर तुम्ही तिथे वीज वापरता याचा पुरावा जोडा आणि शक्य असेल तर नावावरच्या व्यक्तीची सही घ्या. सगळ्या कागदांना पृष्ठ क्रमांक द्या. सुनावणीत ‘पान 14 पाहा’ म्हणता आलं, तर काम निम्मं हलकं होतं.

सुनावणीत काय होतं? कंपनी काय म्हणते?

मंच कंपनीकडून मुद्देनिहाय उत्तर मागवतो. त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. ती न मिळताच तारीख आली, तर तिथेच सांगा आणि वाचायला वेळ मागा. अर्ज आल्यापासून साठ दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा विनियमांत आहे.

कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘ग्राहकाचं घर बंद होतं.’ मीटर जिन्याखाली किंवा कंपाउंडच्या भिंतीवर असेल, तर त्या जागेचा फोटो द्या. एकाच पॅनलवर शेजारच्या फ्लॅटचं मीटर असेल, तर मंचाला विनंती करा की त्या महिन्यांत पॅनलवरच्या इतर मीटरांची रीडिंगं घेतली होती का याची नोंद कंपनीने सादर करावी. शेजारचं रीडिंग झालं आणि तुमचं ‘लॉक्ड’ लागलं, तर तो मुद्दा तिथेच संपतो. मीटर खरंच घरात असेल आणि तुम्ही गावाला गेला असाल, तर ते मान्य करा. टप्प्यांचा लाभ त्यामुळे जात नाही.

दुसरं उत्तर : ‘बिल रीडिंगप्रमाणे आहे, मीटर बरोबर आहे.’ अनेक ग्राहक इथे मीटर तपासणीच्या वादात ओढले जातात आणि मूळ मुद्दा हरवतो. शांतपणे सांगा : रीडिंग मान्य आहे, 1,960 युनिटं मान्य आहेत, ती एका महिन्याची नाहीत एवढंच म्हणणं आहे.

तिसरं, आणि सर्वांत फसवं : ‘बिल दुरुस्त केलं आहे, तक्रार निकाली काढावी.’ अशा वेळी दुरुस्तीचा महिनावार तक्ता मागितल्याशिवाय होकार देऊ नका. बऱ्याचदा फक्त लॉक क्रेडिट दिलेलं असतं आणि टप्प्यांची वाटणी झालेलीच नसते. तक्त्यात सात ओळी आहेत का, प्रत्येक ओळीत 280 आहेत का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

मीटरच बंद किंवा खराब निघाला तर?

मग हिशेब बदलतो. नियामक आयोगाच्या वीज पुरवठा संहितेनुसार सदोष मीटरची दुरुस्ती चाचणी अहवालाच्या आधारे, वाद उद्भवला त्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंतच करता येते. मीटर थांबलेला असेल, तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने, तेही तीन महिन्यांच्या मर्यादेत. म्हणून वर्षभराची वसुली ‘मीटर स्लो होता’ म्हणून आली, तर पहिला प्रश्न तीन महिन्यांचा विचारा आणि चाचणी अहवालाची प्रत घ्या.

जुनी थकबाकी अचानक काढली तर?

कलम 56(2) पाहा. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. बिलांत ती सलग थकबाकी म्हणून दाखवली जात असेल तर गोष्ट वेगळी. सीपीएलमध्ये हे लगेच दिसतं.

मंच कोणती प्रकरणं घेत नाही?

कलम 126 खालचा अनधिकृत वापर, कलम 135 ते 139 खालची वीजचोरी व तत्सम गुन्हे, आणि जे प्रकरण आधीच न्यायालयात किंवा दुसऱ्या प्राधिकरणापुढे आहे ते. म्हणून ग्राहक आयोगात आणि मंचात एकाच वेळी जाऊ नका. कंपनीने दिलेल्या कागदावर ‘126’ लिहिलंय का हे आधी बघा. तसं असेल तर रस्ता वेगळा आणि मुदतीही वेगळ्या.

आदेश मिळाला, पण बिल तसंच आलं. आता?

आदेशाची प्रत स्वतः उपविभागात आणि कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. आदेश आला तरी बी-80 करावाच लागतो, आणि तो पुन्हा त्याच टेबलावर थांबू शकतो. मुदत संपली की मंचाला पालन न झाल्याचं लेखी कळवा. तरीही हललं नाही, तर नियामक आयोगाकडे कलम 142 खाली अर्ज करता येतो. त्यात एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्षात या कलमाचा उल्लेख असलेलं पत्र गेल्यावर बहुतेक फाइली हलतात.

आदेश विरोधात गेला किंवा साठ दिवसांत आलाच नाही तर?

नागपुरातच विद्युत लोकपालांचं कार्यालय आहे. मंचाच्या आदेशापासून साठ दिवसांत तिथे ‘शेड्यूल बी’ नमुन्यात निवेदन करायचं असतं. मंचाच्या आदेशाने तुम्हाला काही रक्कम भरायची ठरली असेल, तर तिचा काही भाग आधी जमा करावा लागतो, त्याची सोय ठेवा. निवेदनात नव्याने गोष्ट रचू नका. मंचाने कोणता कागद पाहिला नाही किंवा कोणता हिशेब चुकीचा धरला, तेवढंच पान क्रमांकासह दाखवा. आदेशात सरळ आकडेमोडीची चूक असेल किंवा तेव्हा हाती नसलेला कागद आता मिळाला असेल, तर लोकपालांकडे जाण्याआधी तीस दिवसांत मंचाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येतो. तो अर्ज करतानाही साठ दिवसांच्या मुदतीवर नजर ठेवा आणि लोकपालांकडच्या निवेदनाचा मसुदा तयार ठेवा.